‘डिलिव्हरी अटेम्प्टेड’ दिसतंय, पण दारात कुणी आलंच नाही: कुरिअरचे स्टेटस कसे वाचायचे

मागच्या नोव्हेंबरात एका रात्री मामेबहिणीचा स्क्रीनशॉट आला. खाली एवढंच लिहिलं होतं, “दादा, मी दिवसभर घरातच होते रे. हे असं कसं?”

तिने सुरतच्या एका दुकानातून शिलाई मशीनची मोटर मागवली होती. पैसे आधीच भरले होते. तुळशीचं लग्न लागलं की तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग पडतो आणि नेमकी तेव्हाच जुनी मोटर जळली. आठ दिवस ती पायाने मशीन ओढत होती. ती राहते कराडपासून पाटणच्या बाजूला, 22 किलोमीटरवरच्या एका गावात. स्क्रीनशॉटवर जे दिसत होतं ते असं:

```
18 Nov 18:40  Picked Up - Surat
18 Nov 23:15  In Transit - Bag Sealed, Surat
20 Nov 03:20  In Transit - Arrived, Bhiwandi
23 Nov 05:10  Bag Received - Karad
23 Nov 09:25  Out for Delivery
23 Nov 20:47  Delivery Attempted - Consignee Unavailable
24 Nov 09:30  Out for Delivery
24 Nov 20:52  Delivery Attempted - Consignee Unavailable
```

मी पाच वर्षं एका कुरिअरच्या डिलिव्हरी सेंटरवर काम केलं आहे. कंपनी वेगळी, तालुकाही वेगळा. पण सकाळी बॅगा फोडण्यापासून रात्री रायडरांचा हिशेब मिटवण्यापर्यंत सगळं केलंय. त्यामुळे हा स्क्रीनशॉट पाहताना माझी नजर शब्दांवर गेलीच नाही, ती वेळेवर गेली. 20:47 आणि 20:52. नोव्हेंबरात रात्री पावणेनऊला कुठला रायडर घाटाच्या पायथ्याच्या गावात पार्सल द्यायला जातो? आणि तेही लागोपाठ दोन दिवस, जवळजवळ त्याच मिनिटाला? ही दारात येण्याची वेळ नाही. ही सेंटरवर बसून शीट, म्हणजे रायडरच्या नावावरच्या पार्सलांची यादी, बंद करण्याची वेळ आहे.

हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ट्रॅकिंगच्या पानावर पार्सल कुठे आहे ते दिसत नाही. कुणीतरी, कुठेतरी, शेवटचं काय स्कॅन केलं किंवा कुठलं बटण दाबलं, ते दिसतं. दोन स्कॅनच्या मधल्या काळात पार्सल धावत असेल, पडून असेल किंवा चुकीच्या गाडीत असेल. पान काहीच सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक ओळ वाचताना विचारायचं की हे बटण कुणी दाबलं आणि त्याला ते आत्ताच का दाबावं लागलं.

इन ट्रान्झिट: शेवटचा शब्द बघा

‘इन ट्रान्झिट’ ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर हायवेवरचा ट्रक येतो. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की पार्सल विक्रेत्याकडून निघालंय आणि तुमच्या गावच्या सेंटरला अजून पोचलेलं नाही. मधल्या सगळ्या अवस्थांना तेच एक नाव. खरी माहिती त्याच्या पुढच्या किंवा खालच्या शब्दात असते. तिथे ‘अराइव्ह्ड’ किंवा ‘रिसीव्ह्ड’ असेल तर पार्सल त्या हबच्या फरशीवर आहे. ‘डिपार्टेड’ किंवा ‘डिस्पॅच्ड’ असेल तर ते गाडीत चढलंय. बहिणीच्या पार्सलचा 20 तारखेचा शब्द ‘अराइव्ह्ड’ होता आणि पुढचे तीन दिवस ओळच नाही. म्हणजे ते बहुतेक काळ भिवंडीत पडून होतं, पुढच्या गाडीत जागा मिळेपर्यंत. सणाच्या नि लग्नाच्या दिवसांत मोठ्या हबवर हे नेहमीचं आहे. तिथे कुणी त्या एका पार्सलकडे दुर्लक्ष करत नसतं. त्या दिशेच्या गाड्या भरून निघतात आणि उरलेल्या बॅगा दुसऱ्या रात्रीवर जातात.

नकाशा बघून घाबरून फोन करणारेही खूप असत. कोल्हापूरहून सांगलीला निघालेलं पार्सल पुण्यात दिसतं. ही चूक असेलच असं नाही. बऱ्याच कंपन्या गावागावांत थेट गाडी चालवत नाहीत. आजूबाजूचा सगळा माल एका मोठ्या हबवर नेतात, तिथे वेगळा करतात आणि परत पाठवतात. पन्नासेक किलोमीटरसाठी पार्सल साडेचारशे किलोमीटर फिरून येतं, पण रोज रात्री ठरलेली गाडी असल्यामुळे वेळेत येतं.

खरी चूक कशी ओळखायची? एक चूक पिन कोडची. पिन कोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. बनवली टपालासाठी, पण खासगी कुरिअरवालेही आपला माल त्याच आकड्यांवर वेगळा करतात. आपल्याकडे गंमत अशी आहे, की पहिले तीन आकडे सारखे असले तरी गावं एकमेकांपासून खूप लांब असू शकतात. कराड 415110 आणि रत्नागिरी 415612, दोन्हींची सुरुवात 415 नेच. पुढच्या तीन आकड्यांत चूक झाली की पार्सल सह्याद्री उतरून कोकणात जातं. तुमचं गाव घाटावर आणि ट्रॅकिंगमध्ये शेवटचं सेंटर कोकणातलं दिसायला लागलं, तर ऑर्डरमध्ये भरलेला पिन कोड आधी तपासा. तो बरोबर असेल तर पार्सल चुकीच्या बॅगेत गेलंय. अशा वेळी ते आपोआप वळवलं जातं, फक्त दोन-तीन दिवस जास्त लागतात. पिन कोडच चुकला असेल तर मात्र ते तिथेच ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून अडकून बसतं, आणि विक्रेत्याकडून दुरुस्ती करवून घेतल्याशिवाय सुटत नाही.

दुसरी चूक बॅगेची आहे, आणि ती बाहेरून ओळखता येते हे फारसं कुणाला माहीत नसतं. मोठ्या हबवरून छोटी पार्सलं सुटी निघत नाहीत. तीस-चाळीस पार्सलं एका पोत्यात घालून पोतं सीलबंद करतात आणि पोत्याला स्वतःचा बारकोड असतो. पुढे प्रत्येक ठिकाणी पोतंच स्कॅन होतं आणि आतल्या सगळ्या पार्सलांचं स्टेटस एकदम बदलतं. आता तुमचं पार्सल सील करताना खाली पडलं किंवा शेजारच्या पोत्यात गेलं, तर ट्रॅकिंगवर ते पोत्याबरोबर तुमच्या गावी ‘पोचतं’, पण पोतं फोडल्यावर आत नसतं. आम्ही त्याला ‘शॉर्ट’ म्हणायचो. दुसऱ्या कुठल्या तरी सेंटरवर तेच पार्सल ‘जास्तीचं’ म्हणून निघतं आणि परत वाटेला लागतं. खूण अशी, की गावच्या सेंटरला ‘बॅग रिसीव्ह्ड’ दिसतंय आणि त्यानंतर कामाचे दोन दिवस ‘आउट फॉर डिलिव्हरी’ येतच नाही. अशा वेळी सेंटरवाल्यांना “कधी येणार?” विचारू नका. “पार्सल बॅगेतून निघालं का, की शॉर्ट आहे?” असं विचारा. उत्तर सरळ मिळतं.

नुसत्या ‘इन ट्रान्झिट’साठी माझं स्वतःचं माप असं: राज्यातल्या राज्यात पूर्ण दोन दिवस नवी ओळ आली नाही तर विचारायचं, परराज्यातून येत असेल तर चार दिवस थांबायचं. वर जी ‘अपेक्षित तारीख’ दिसते ती बहुतेक वेळा पार्सल निघतानाच अंतरावरून काढलेली असते, तिच्यावरून भांडून काही हाती लागत नाही.

आउट फॉर डिलिव्हरी: नाव शीटवर चढलं, गाडीवर चढलं असेलच असं नाही

सकाळी सहा-सात वाजता सेंटरवर बॅगा फुटतात. भागांप्रमाणे पार्सलांचे ढीग लागतात. मग एकेका रायडरच्या नावावर त्याच्या भागाची पार्सलं स्कॅन करायची, त्याला ‘शीट मारणं’ म्हणतात. ज्या क्षणी पार्सल शीटवर चढतं त्याच क्षणी तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो, ‘आज पोचेल’. रायडर तेव्हा चहा घेत असतो. त्याची गाडी दहाला निघेल. मागच्या पिशवीत जेवढं मावेल तेवढं तो पहिल्या फेरीत नेतो, उरलेलं दुपारच्या फेरीत. म्हणून सकाळी नऊचा मेसेज आणि संध्याकाळी पाचला पार्सल, यात काही बिघडलेलं नसतं.

बिघडतं ते पुढच्या ठिकाणी. सेंटरवर वरून एक नियम असतो: सकाळच्या गाडीने जे आलं ते त्याच दिवशी वाटायला निघालंच पाहिजे. ते निघालं नाही तर सेंटरचा आकडा पडतो आणि इनचार्जला फोन येतो. आता समजा पाटणच्या बाजूचा रायडर काम सोडून गेला. त्या भागाची बारा पार्सलं आहेत. ती तशीच ठेवली तर आकडा पडणार, म्हणून ती दुसऱ्या रायडरच्या शीटवर चढवली जातात. त्याच्याकडे आधीच शहरातली साठ पार्सलं असतात. बहुतेक ठिकाणी रायडरला पैसे दिलेल्या पार्सलवर मिळतात. एका गल्लीत दहा पार्सलं द्यायची सोडून एका पार्सलासाठी 44 किलोमीटर जाणं-येणं त्याला परवडत नाही, पेट्रोल त्याच्या खिशातून जातं. म्हणून ती बारा पार्सलं सेंटरच्या कोपऱ्यातच राहतात आणि मोबाइलवर मात्र ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसत राहतं. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून वाट बघता. हे मी स्वतः होताना पाहिलंय, आणि माझ्या हातूनही अशा शीटा मारल्या गेल्यात. वाट बघणाऱ्याचा तो दिवस वाया जातो, याचं तेव्हाही वाईट वाटायचं.

डिलिव्हरी अटेम्प्टेड: एक यादी, आणि त्यातलं सगळ्यात सोपं कारण

रात्री रायडर परत येतो. रोख जमा करायची, उरलेली पार्सलं परत द्यायची आणि घरी जायचं. पण शीटवरचं प्रत्येक पार्सल ‘बंद’ झाल्याशिवाय त्याचा हिशेब मिटत नाही. पार्सल एक तर दिलं गेलंय किंवा का दिलं नाही त्याचं कारण टाकलंय, तिसरा पर्याय नसतो. ‘मी तिकडे गेलोच नाही’ असं कारण यादीत नसतं. असलं तरी ते निवडलं की प्रश्न विचारले जातात. यादीत असतं ते साधारण असं: घेणारा घरी नाही, घेणाऱ्याने नाकारलं, पत्ता अपुरा, पैसे तयार नाहीत, पुढची तारीख मागितली, भाग वाटपाच्या बाहेर. यातलं सगळ्यात बिनधोक कोणतं? ‘घेणारा घरी नाही’. त्यात रायडरचा दोष दिसत नाही, आणि पार्सल दुसऱ्या दिवशी आपोआप परत शीटवर येतं. म्हणून न गेलेल्या पार्सलांना बहुतेक वेळा तेच कारण लागतं, सगळ्यांना एकदम, रात्री साडेआठ-नऊला.

पण एवढ्यावरून लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नका. डोंगरी भागात रेंज नसते. रायडर दुपारी दोनला खरोखर येऊन गेला, कुलूप दिसलं, त्याने कारण टाकलं, आणि त्याचा मोबाइल नेटवर्कमध्ये आला संध्याकाळी. काही कंपन्यांच्या पानावर मग नेटवर्क मिळाल्याची वेळ दिसते. नुसत्या वेळेवरून शंका घेता येते, निवाडा करता येत नाही.

निवाड्यासाठी फोन बघायचा. रायडर खरंच आला असेल तर त्याने आधी फोन केलेला असतो, कारण खेड्यात घर सापडायला फोन लागतोच. आता तुम्ही म्हणाल की फोन आलाच नाही. तरीही मोबाइलमधली ब्लॉक झालेल्या कॉलची यादी उघडून बघा. रायडरचा कॉल बऱ्याचदा त्याच्या नंबरवरून येत नाही. कंपनीच्या यंत्रणेतून वेगळ्याच नंबरावरून येतो, म्हणजे तुमचा नंबर त्याला आणि त्याचा तुम्हाला दिसू नये म्हणून. असे नंबर शेकडो लोकांना जातात, त्यामुळे कॉल ओळखणारी ॲप त्यांना नको असलेले कॉल समजून परस्पर अडवतात. आमच्याकडे भांडायला आलेल्या कितीतरी लोकांच्या मोबाइलमध्ये तो अडवलेला कॉल तिथेच, माझ्यासमोर सापडला होता. कॉल सापडला तर पुढच्या वेळी तेवढ्यापुरतं अडवणं बंद ठेवा. कुठेच सापडला नाही, वेळ रात्रीची आहे, आणि दोन दिवसांच्या वेळा जवळजवळ सारख्या आहेत, तर कुणी आलं नव्हतं, एवढं धरून चालायला हरकत नाही. बहिणीच्या यादीत काही नव्हतं.

अशा वेळी घाई का करायची, तर अटेम्प्ट मोजले जातात. बऱ्याच कंपन्यांत तीन झाले की पार्सल परतीला लागतं. पानावर ‘आरटीओ’ ही अक्षरं दिसली की ते पाठवणाऱ्याकडे निघालं, आणि परतीचं लेबल लागल्यावर ते वाटेत थांबवणं फार अवघड असतं. कारण कोणतं टाकलंय यावरही पुढचं ठरतं. ‘घरी नाही’ असेल तर दुसऱ्या दिवशी परत शीट. ‘पत्ता अपुरा’ असेल तर कुणी पत्ता दुरुस्त करेपर्यंत पार्सल नुसतं पडून. ‘नाकारलं’ असेल तर मात्र दुसरा अटेम्प्ट बहुतेक होतच नाही. तुम्ही नाकारलं नसताना हे कारण दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री विक्रेत्याला कळवा.

विक्रेत्याला का, कुरिअरला का नाही? कारण कुरिअरचं गिऱ्हाईक तुम्ही नाही, विक्रेता आहे. पैसे त्याने दिलेत, करार त्याच्याशी आहे. न दिलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद विक्रेत्याच्या पानावर जाते, तिथे ‘परत प्रयत्न करा’, ‘दुसरा नंबर द्या’, ‘परत बोलवा’ असे पर्याय येतात आणि उत्तर द्यायला थोडीच मुदत असते. छोटा विक्रेता पॅकिंगच्या गडबडीत ते पान बघत नाही, मुदत उलटते आणि यंत्रणा आपलं ठरवते. तुमच्या कस्टमर केअरच्या चार फोनांपेक्षा विक्रेत्याने तिथे दाबलेलं एक बटण जास्त काम करतं.

टपालाचं थोडं निराळं आहे. स्पीड पोस्टचा नंबर ओळखायला सोपा, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी `IN`. तिथे पोस्टमन ‘डोअर लॉक्ड’ असा शेरा मारतो. घर बंद असल्याने वस्तू परत नेली तर ती पोस्टात काही दिवस ठेवतात, ओळखपत्र दाखवून तुम्ही स्वतः आणू शकता. खेड्यात वस्तू आधी मोठ्या पोस्टात येते आणि मग गावच्या शाखा डाकघरात जाते, त्यामुळे पानावर हालचाल थांबली असं वाटलं तरी गावातल्या डाकसेवकाला एकदा विचारा. बऱ्याचदा ती त्याच्या पिशवीत असते.

आणि एक धोका. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल देता आलं नाही, 24 तासांत पत्ता दुरुस्त करा’ असा मेसेज लिंकसह येतो. टपाल खात्याच्या नावानेही असे खोटे मेसेज फिरले आहेत. खरोखरच पार्सलची वाट बघणारा माणूस त्याला पटकन फसतो, कारण हे नेमकं त्याच्याबाबतीत घडत असतं. मेसेजमधली लिंक उघडू नका. ऑर्डरच्या पानावरचा ट्रॅकिंग नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः टाका. तिथे तशी ओळ नसेल तर मेसेज खोटा. पत्ता बदलायला कुणी पाच-दहा रुपये कार्डावरून मागत असेल तर तो चोर समजा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळण्याची शक्यता कमी. तसंच डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात आल्याशिवाय फोनवर कुणालाही सांगायचा नाही, ‘तुमची तारीख बदलतो’ म्हणाला तरी नाही. ओटीपी गेला की पानावर ‘डिलिव्हर्ड’ पडतं आणि मग ‘मिळालं नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी जवळजवळ तुमच्यावर येते.

बहिणीच्या मोटरचं काय झालं

24 तारखेच्या रात्री दोन अटेम्प्ट झाले होते, म्हणजे हातात एकच दिवस होता. मी तिला म्हटलं, “अगं, आत्ताच्या आत्ता दुकानदाराला व्हॉट्सॲप कर.” मजकूर मी सांगितला, तो जसाच्या तसा असा होता: ट्रॅकिंग नंबर, ‘23 आणि 24 तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास अटेम्प्ट दाखवलाय, मला एकही कॉल आलेला नाही, कॉलची यादी सोबत जोडली आहे, पार्सल परत बोलवू नका, मी सेंटरवरून घेते, दुसरा नंबर हा’. रागाचा एक शब्दही नाही. तारीख, वेळ आणि काय हवंय ते. दुकानदाराने सकाळी साडेसातला परत प्रयत्नाचा पर्याय टाकला आणि दुसरा नंबर चढवला.

दुसरं काम सेंटर गाठायचं. ट्रॅकिंगच्या पानावर सेंटरचं नाव असतं, नकाशावर शोधलं की जागा सापडते. जायचं तर शीट मारायच्या आधी, म्हणजे साडेआठच्या सुमारास. एकदा पार्सल शीटवर चढलं की ते रायडरच्या नावावर होतं, मग काउंटरवरून देणं त्यांनाही अडचणीचं असतं. 25 तारखेला मीच तिला घेऊन पावणेनऊला तिथे पोचलो. तिचं आधार कार्ड, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि नोंदवलेला मोबाइल बरोबर. तिथल्या मुलाने कोपऱ्यातल्या ढिगातून खोकं काढलं. त्यावर धूळ बसायला लागली होती. त्या बाजूचा रायडर आठ दिवसांपूर्वी सोडून गेला होता, दुसरा मिळालेला नव्हता, आणि त्या भागातल्या सगळ्यांचीच पार्सलं तिथे थांबली होती. त्याने काही लपवलं नाही. आपण ओरडत गेलो नाही तर ही मुलं सहसा खरं सांगतात.

खोकं हातात घेण्याआधी मी त्याच्या चारही कडा बघितल्या. एका कडेवरची टेप पुन्हा लावल्यासारखी वाटली, म्हणून ओटीपी देण्याआधी बहिणीने खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला. आत मोटर नीट होती. व्हिडिओ वापरायची वेळ आली नाही. फुटलेली निघाली असती तर विक्रेत्याकडे तोच एक पुरावा चालला असता.

सेंटरने दिलं नसतं आणि पार्सल परत गेलं असतं तर? तिने ते थेट दुकानदाराकडून घेतलं होतं, म्हणून पैसे परत मागायचेही त्याच्याकडेच. मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतलं असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रारीत ‘पार्सल आलं नाही’ एवढंच लिहू नका, वर दिला तसा ओळींचा स्क्रीनशॉट आणि कॉलची यादी जोडा. ट्रॅकिंगच्या ओळी परतीनंतर कधीकधी पानावरून जातात, म्हणून स्क्रीनशॉट रोज काढून ठेवलेला बरा.

परत येताना गाडीत आम्ही तिचा ऑर्डरच्या ॲपमधला पत्ता बदलला. आधी तिथे ‘मु. पो.’ आणि गावाचं नाव, एवढंच होतं. आता पहिल्याच ओळीत ‘मारुती मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी’ आहे, कारण लेबलवर कधीकधी पत्त्याची शेवटची ओळ छापलीच जात नाही. दुसरा मोबाइल नंबर गिरणीवाल्या काकांचा टाकलाय, ते दिवसभर तिथेच असतात.

त्या आठवड्यात तिने ब्लाउजं वेळेत दिली. डिसेंबरात तिने सुया आणि बॉबिन मागवल्या, तेव्हा पाटणच्या बाजूला नवा रायडर लागला होता. त्याने आधी काकांना फोन केला आणि दुपारी एकला पार्सल गिरणीवर ठेवून गेला.